एका डब्याचा महिना



आषाढात आमची धाकटी नोकरीसाठी बेंगळुरूला गेली. जाण्याआधी तिने विचारलं, "आई, महिन्याला किती सामान भरायचं ते लिहून दे." यादी लिहायला बसले आणि त्याचं पत्र झालं. तिला विचारून ते इथे देते आहे, कारण आपल्यापैकी बऱ्याच जणींच्या मुली आता एकट्या राहतात आणि फोनवर रोज हेच प्रश्न येतात. यातल्या मर्यादा आम्ही दिगंबर घरात पाळतो त्या आहेत. घरोघरी थोडा फरक असतो, तेवढा आपापल्या परंपरेप्रमाणे बदलून घ्या.

---

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

तू फोनवर म्हणालीस, "आई, सरळ पाच किलो कणीक, पाच किलो तांदूळ असं सांग ना." तसं सांगता आलं असतं. पण तू जाते आहेस ती पावसाळ्यात. आपल्याकडे पिठाची मर्यादा हिवाळ्यात सात दिवस, उन्हाळ्यात पाच आणि पावसाळ्यात तीन. पाच किलो कणीक तुला एकटीला महिना पुरेल, आणि त्यातले सत्तावीस दिवस ती मर्यादेबाहेरची असेल. म्हणून तुझी यादी कणकेपासून सुरू करायचीच नाही. आधी कोणत्या दिवशी काय खाणार ते ठरवू, मग डबे भरू. मी वाणिज्य शाखेची, आधी खप आणि मग खरेदी, एवढं कॉलेजात नक्की शिकले.

तुझा दिवस असा असणार: सकाळी आठला घर सोडायचं, साडेबाराला जेवण, आणि घरी यायला सात तरी वाजणार. बेंगळुरूला जुलैत सूर्यास्त साधारण सहा पन्नासला होतो, आपल्या सांगलीपेक्षा वीस मिनिटं लवकर. त्याआधी दोन घटका, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं सोडली तर संध्याकाळचं जेवण सहाच्या आत व्हायला हवं. म्हणजे ते ऑफिसातच. नोव्हेंबरात तिथे पावणेसहानंतर लगेच सूर्य मावळतो, तेव्हा हीच वेळ पाचवर येईल. रात्री जेवायचं की नाही हे तू ठरवायचं आहेस. तू मोठी आहेस, "जमेल तेवढं करीन" म्हणालीस, ते मला पटलं. मी फक्त एवढं बघते आहे की साडेपाचला भूक लागली तेव्हा तुझ्या पिशवीत डबा असावा. डबाच नसेल तर ठरवायला काही उरत नाही.

म्हणून रोज दोन डबे. दोन्ही सकाळी सातपर्यंत तयार. आता त्यात काय घालायचं ते मर्यादाच सांगते. भात, खिचडी, वरण, आमटी यांना दोन प्रहर, म्हणजे सहा तास. सातला केलेली खिचडी एकपर्यंत चालते, म्हणून ती दुपारच्या डब्यात. पोळी, दशमी असं तव्यावर भाजलेलं चार प्रहर, म्हणजे बारा तास चालतं, म्हणून ते संध्याकाळच्या डब्यात. हे उलटं कधी करू नकोस. दमट हवेत सकाळची खिचडी संध्याकाळपर्यंत चिकट होते, वास बदलतो. ते बघायला धर्माचं पुस्तक लागत नाही, झाकण उघडलं की कळतं.

आता पीठ. गिरणीत जायला तुला शनिवारच मिळणार. शनिवारी सकाळी दळलं तर शनिवार, रविवार, सोमवार असे तीन दिवस. या तीन दिवसांत पोळ्या किती ते मोजू. शनिवार-रविवार दोन्ही वेळ तीन-तीन, म्हणजे बारा. सोमवारी दुपारी भात आणि संध्याकाळच्या डब्याला तीन दशम्या. एकूण पंधरा. मध्यम पोळीला तीस ग्रॅम कणीक लागते, म्हणजे साडेचारशे ग्रॅम. आठवड्याला अर्धा किलो, महिन्याला दोन किलो गहू.

इथे एक अडचण येईल. अर्धा किलो दळण गिरणीवाला घेत नाही, आणि घेतलं तरी पहिली मूठभर आधीच्या गिऱ्हाइकाच्या धान्याची निघते. तिकडे नाचणी खूप दळतात, तेव्हा पीठ करडं दिसलं तर ते त्यामुळे. म्हणून तुझ्या खोलीतल्या मैत्रिणीशी बोल. ती काय खाते, बटाटा खाते का, याच्याशी गव्हाचा संबंध नाही. चार किलो गहू दोघींत घ्या, दर शनिवारी एक किलो दळा, दळून आल्या आल्या अर्धं तिच्या डब्यात. पैसे निम्मे-निम्मे, वहीत त्याच दिवशी लिहायचे. गिरणीवाल्याला सांग, आधी कुणाचा गहू दळून झाला की मग आपला टाका. सोमवारी रात्री तुझ्या डब्यात पीठ उरलं असेल तर तेही तिला दे आणि पुढच्या शनिवारी तेवढा गहू कमी ने.

मंगळवार ते शुक्रवार पीठ नाही. हे चार दिवस तांदूळ आणि डाळीवर काढायचे, आणि तुझ्या यादीत खरी वाढ तिथेच होते. दुपारच्या डब्याला खिचडी किंवा वरण-भात: पाऊण वाटी, म्हणजे पंचाहत्तर ग्रॅम तांदूळ आणि तीस ग्रॅम डाळ. संध्याकाळच्या डब्याला मूगडाळ-तांदळाची धिरडी. पहाटे साडेपाचला उठल्याबरोबर साठ ग्रॅम तांदूळ आणि तीस ग्रॅम मूगडाळ धुऊन गाळलेल्या पाण्यात भिजत घाल, आंघोळ उरकेपर्यंत तासभर होतो. रात्रीपासून भिजवायचं नाही आणि आंबवायचंही नाही. तासाभरात तांदूळ पूर्ण भिजत नाही, वाटण जरा कणीदार राहतं. राहू दे, त्यामुळे धिरडं कुरकुरीत होतं. त्यात जिरं, हिंग, मीठ आणि चिमूटभर सुंठ. आलं नाही म्हणून चव कमी वाटली तर सुंठ वाढव, मिरची नको. चार धिरडी होतात. गरम असताना डब्यात घालू नकोस, वाफेचं पाणी सुटून ती एकमेकांना चिकटतात. आधी जाळीवर गार कर.

आता बेरीज कर माझ्याबरोबर. सोमवार ते शुक्रवार पाच दुपारचे डबे: तांदूळ तीनशे पंचाहत्तर ग्रॅम. चार दिवसांची धिरडी: दोनशे चाळीस. शनिवार-रविवारी पोळीबरोबर थोडा भात, दोन्ही दिवसांचा मिळून शंभर. आठवड्याचे सातशे पंधरा ग्रॅम झाले. महिन्यात सव्वाचार आठवडे धरले तर तीन किलो. डाळीही तशाच: डब्यांच्या दीडशे, धिरड्यांच्या एकशे वीस, आणि सुटीच्या दोन दिवसांत एकदा उसळ, एकदा आमटी, त्याचे ऐंशी. आठवड्याला साडेतीनशे, महिन्याला दीड किलो. घरी आपण चौघं असताना डाळ माणशी याहून कमी लागत होती. पण आपल्याकडे रोज ताजी पोळी होती, आणि तुला ती आठवड्यात तीनच दिवस आहे.

दीड किलोत मूगडाळ पाऊण किलो, तूरडाळ अर्धा किलो आणि अख्खी मटकी पाव किलो असं घे. महिन्यात दोन अष्टमी आणि दोन चतुर्दशी येतात, त्या दिवशी हिरवी भाजी नाही. ते चार दिवस मटकीची उसळ, नाहीतर नुसती आमटी. मटकी भिजवायची पण मोड येऊ द्यायचे नाहीत. सकाळी भिजवून दुपारी शिजवली की प्रश्नच येत नाही. सुटीच्या दिवशीच ती करायची हेही त्यासाठीच. अष्टमी कामाच्या दिवशी आली तर तूरडाळीवर भागव.

दुकानात मराठी चालेलच असं नाही. तुझ्या आजीचं माहेर बेळगावकडचं, तिच्या तोंडचे शब्द तुझ्या कामाला येतील. तूरडाळ म्हणजे तोगरी बेळे, मूगडाळ म्हणजे हेसरु बेळे, हरभऱ्याची डाळ कडले बेळे आणि उडदाची उद्दिन बेळे. गहू गोधी, तांदूळ अक्की, पोहे अवलक्की, ज्वारी जोळ. मूगडाळ आणि उडीदडाळ सोललेली असली की पांढुरक्या-पिवळ्या रंगात घाईत सारखी वाटते, तेव्हा नाव घेऊनच माग. ज्वारी अर्धा किलो जास्तीची घे. भाकरीची आठवण आली की सव्वाशे ग्रॅम मिक्सरच्या कोरड्या भांड्यात फिरव, बारीक चाळणीने चाळ, वर राहिलेलं पुन्हा फिरव. दोन भाकरी होतात. मिक्सरचं पीठ गिरणीसारखं मऊ नसतं, म्हणून थंड पाण्यात न मळता उकळत्या पाण्याची उकड काढून मळ, म्हणजे थापताना कडा फाटणार नाहीत.

बाकीचं सामान एकटीला थोडंच लागतं. पोहे अर्धा किलो, आठवड्यातून दोनदा न्याहारीला. बाकी दिवस दूध आणि फळ. साबुदाणा लिहिलेला नाही, तो कंदाचा असतो. शेंगदाणे अर्धा किलो. तुला तिथे कुणीतरी विचारेल, शेंग जमिनीखालचीच ना, मग ती कशी चालते? सांग, शेंग जमिनीत भरते पण ती बी आहे, कंद किंवा मूळ नव्हे. हळद आणि सुंठ जमिनीतलीच, पण ती वाळलेली घेतो, ओली नाही. तेल एक लिटर, रोजचं पाच चमचे धरलंस तर थोडं उरेल. तूप पाव किलो मी देते आहे. साखर अर्धा किलो, चहा दीडशे ग्रॅम, गूळ पाव किलो, मीठ अर्धा किलो.

मसाल्याचं दळलेलं काही नेऊ नकोस. पिठाची मर्यादा कुटलेल्या मसाल्यालाही लावतात, आणि विकतच्या मसाल्यात कांदा-लसूण असतो तो वेगळाच. आपल्या भागात तर मसाला म्हटला की कांदा-लसूणच. म्हणून अख्खं देते: धने शंभर ग्रॅम, जिरं शंभर, सुक्या मिरच्या शंभर, तीळ शंभर, मोहरी पन्नास, आमसूल पन्नास, हिंगाची एक लहान डबी आणि सुक्या खोबऱ्याची एक वाटी. सोबत छोटा खलबत्ता आहे. दोन चमचे धने, एक चमचा तीळ, खोबऱ्याचा तुकडा आणि दोन मिरच्या कोरड्या भाजून कुटल्या की दोन दिवसांच्या आमटीला दाटपणा येतो, कांद्याची आठवण राहत नाही. हळद आणि सुंठ तेवढी पूड करून दिली आहे. ती सवलत मी इथेही घेते, तूही घे.

आता डब्यांचं. महिन्याचंच सामान का, तीन महिन्यांचं स्वस्तात का नको, असं तुझे बाबा विचारत होते. कारण सांगते. तांदळात सोंडकिडा होतो तो आपल्या घरात शिरलेला नसतो. मादी गोदामातच दाण्याला भोक पाडून आत अंडं घालते आणि भोक बुजवून टाकते. बाहेरून दाणा स्वच्छ दिसतो. उबदार, दमट हवेत त्या अंड्याचा किडा होऊन बाहेर यायला साधारण महिना लागतो. म्हणजे महिन्यात संपणारं धान्य बहुधा त्याच्या आधी संपतं, आणि तीन महिन्यांचं धान्य हमखास त्याच्या हाती लागतं. स्वस्ताईचे चार पैसे मग निवडण्यात जातात, आणि जीवांची विराधना होते ती वेगळीच. घरी आपण तूरडाळीला एरंडेल लावून वर्षाचं भरतो, ते कडक उन्हात वाळवून, आणि रोज बघायला माणूस घरात असतं म्हणून. तुझ्या खोलीत दोन्ही नाही.

दर शनिवारी, दळणाला जाण्याआधी, प्रत्येक डबा उघडून ताटात थोडं धान्य घे आणि खिडकीशी बघ. तांदळाच्या डब्याच्या तळाला पांढरी भुकटी दिसली, दाणे जाळीत गुंतल्यासारखे एकमेकांना चिकटले, किंवा मुगा-तुरीवर टाचणीएवढी गोल भोकं दिसली, तर सुरुवात झाली असं समज. अशा वेळी धान्य उन्हात टाकायचं नाही, पाण्यातही घालायचं नाही, फ्रिजमध्ये तर नाहीच. सावलीत कागदावर पातळ पसर आणि अर्धा तास हलवू नकोस. किडे आपणहून कडेला सरकतात. त्यांना कागदावर घेऊन मूठभर त्याच धान्यासह आडोशाला, कुणाच्या पायाखाली येणार नाही अशा जागी ठेव. उरलेलं निवडून दोन-तीन दिवसांत संपव. भोकं पडलेली डाळ मात्र खाऊ नकोस, प्रत्येक भोकाच्या आत काय आहे ते आपल्याला दिसत नाही.

नवीन सामान आणलंस की जुन्यावर ओतायचं नाही. जुनं वाटीत काढ, डबा धुऊन, पुसून, पूर्ण कोरडा कर, नवीन भर, आणि आधी वाटीतलं संपव. तळाला चिकटलेल्या जुन्या चमचाभरात पुढच्या महिन्याचं सगळं बिघडवायची ताकद असते. डब्यात चमचा कोरडाच जायला हवा. पावसाळ्यात ओला हात हे किडीचं अर्धं कारण असतं.

महिन्याच्या शेवटी माझ्यासाठी एक काम कर. डब्यात उरलेलं मोजून मला कळव. समजा तीन किलो तांदूळ भरला होता आणि चारशे ग्रॅम उरला. म्हणजे खप दोन किलो सहाशे. पुढच्या महिन्याला तीन किलो आणायचा नाही, दोन किलो दोनशेच आणायचा, कारण चारशे घरात आहे. आरंभीची शिल्लक अधिक खरेदी वजा अखेरची शिल्लक, एवढंच गणित. दोन महिने केलंस की यादी तुझी होईल, माझी राहणार नाही. आणि मूगडाळ फारच उरलेली दिसली तर मला कळेल की संध्याकाळचा डबा होत नाहीये. रागावणार नाही. पहाटे साडेपाचला उठणं जड जातंय का, ऑफिसात साडेपाचला जागचं उठता येतं का, हे विचारीन, आणि त्याप्रमाणे दुसरं काहीतरी सुचवीन.

दिवाळीनंतर थंडी पडली की पिठाची मर्यादा सात दिवसांची होईल. मग शनिवारचं दळण शुक्रवारपर्यंत चालेल, गहू वाढेल, तांदूळ कमी होईल. ती यादी तेव्हा लिहू. तोपर्यंत पाण्याच्या गाळण्याचं पांढरं कापड दोन घड्या करून वरच्या कप्प्यात ठेवलं आहे, ते बॅगेतून सगळ्यात आधी काढ. पोहोचल्या दिवशी दळण नसेल, म्हणून पहिल्या संध्याकाळसाठी सहा दशम्या दिल्या आहेत. तीन तुझ्या, तीन त्या मैत्रिणीच्या.

तुझी,
आई